सावलीखालची वाळू

सकाळची वेळ, समुद्राकडे पाठ करून उभं असलेलं कुटुंब, सगळ्यांच्या तोंडावर लख्ख ऊन, आणि चित्राच्या खालच्या कडेतून आत शिरलेली एक लांब काळी आकृती. तिचे कोपर बाजूला काढलेले, दोन्ही हात तोंडाशी नेलेले. फोटो काढणाऱ्याची ही सावली काढून टाकायची म्हटलं की बहुतेकांचा हात क्लोन स्टॅम्पकडे जातो. शेजारची उन्हातली वाळू उचलायची आणि सावलीवर थापायची, म्हणजे भिंतीवरच्या डागावर गिलावा लावायचा. मला ही पद्धत मुळातच उलटी वाटते. सावली ही वाळूवर पडलेली वस्तू नाही, तिथे उजेडाची तूट आहे एवढंच. तिच्याखालची वाळू, शिंपले, पावलांचे ठसे, सगळं कॅमेऱ्यात टिपलं गेलेलं आहे, फक्त कमी उजेडात. मग झाकायचं कशाला? जेवढं ऊन कमी पडलं तेवढं परत द्यावं. आणि फोटो काढणाऱ्याच्या स्वतःच्या सावलीला हे जितकं जमतं तितकं दुसऱ्या कुठल्याच सावलीला जमत नाही.

त्याआधी साधी शंका: ती जागेवरच टाळता येत नाही का? वाटतं तितकी सहज नाही. कॅमेऱ्याची सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते. सूर्य पाठीमागे क्षितिजापासून १७ अंश वर असेल, तर कॅमेऱ्याची सावली समोर क्षितिजाच्या १७ अंश खाली असणार. दोन पावलं डावीकडे सरकलं तरी ती चित्रात तिथेच राहते, खाली बसलं तरी तिथेच. जमिनीवर ती आखूड होते, पण कॅमेराही तेवढाच खाली येतो. मोबाइलच्या नेहमीच्या मुख्य कॅमेऱ्याने आडवा फोटो सरळ धरून काढला, तर चौकट क्षितिजाखाली साधारण साडेसव्वीस अंशांपर्यंत पोचते, आणि उभा धरला तर जवळजवळ ३४ अंशांपर्यंत. सूर्य त्याहून खाली असेल आणि आपण त्याच्याकडे पाठ करून उभे असू, तर सावली आत येणारच. उपाय तीनच. कॅमेरा वळवावा किंवा त्याचं तोंड वर करावं, लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी, नाहीतर झाडाच्या किंवा खांबाच्या सावलीत उभं राहून आपली सावली तिच्यात मिसळून टाकावी. यातलं काहीच केलं नसेल, तर काम घरी येऊन करावं लागतं.

आता एक उदाहरण धरून चालू. कोकणातला पश्चिमेकडे तोंड असलेला किनारा, सूर्य उगवून सव्वा तास झालेला, म्हणजे तो सुमारे १७ अंशांवर आलेला. सुरूच्या बनाची सावली ओलांडून पाण्याच्या बाजूला कोरड्या वाळूवर फोटो काढणारा उभा आहे. त्याची उंची १६५ सेंटिमीटर, कॅमेरा दीड मीटरवर. त्याची सावली ५.४ मीटर लांब पडेल. चौकटीची खालची कड तीन मीटरवरच्या वाळूला लागते, म्हणून सावलीचा कमरेपासून डोक्यापर्यंतचाच भाग दिसेल. पाय चौकटीबाहेर राहतात. ही सावली पूर्ण काळी नसते हे महत्त्वाचं. तिथे ऊन पोचत नाही, पण आभाळ पोचतं. सूर्य तिरका असल्यामुळे सपाट वाळूवर ऊन पातळ पसरलेलं असतं, १७ अंशांवर तर सूर्याकडे तोंड केलेल्या पाटीवर पडणाऱ्या उन्हाच्या तीन दशांशाहून थोडं कमी. आभाळाचा उजेड मात्र सगळीकडून येत असतो. त्यामुळे दुपारच्या आखूड सावलीपेक्षा सकाळ-संध्याकाळची लांब सावली दिसायला मोठी असली तरी खोलीला उथळ असते. आपल्या कामाला हे सोयीचं आहे.

सावलीचा आणि उन्हाचा फरक किती, हे डोळ्यांनी ठरवू नये. डोळा फसतो, आकडे विचारावेत. संपादनाच्या कुठल्याही चांगल्या प्रणालीत ड्रॉपरने रंगाचे आकडे वाचता येतात. एका पिक्सेलचा आकडा घेतला तर वाळूचा एखादा काळा कण सगळा हिशेब बिघडवेल, म्हणून तीसेक पिक्सेलच्या चौकोनाची सरासरी घ्यावी. एक ठिकाण उन्हातलं, एक सावलीतलं, दोन्ही चित्रात एकाच उंचीवर, एकाच प्रकारच्या कोरड्या वाळूवर, आणि सावलीच्या कडेपासून बऱ्यापैकी दूर. समजा उन्हातल्या वाळूचे आकडे आले लाल २०५, हिरवा १८४, निळा १५२, आणि सावलीतल्या वाळूचे आले ११२, १०८ आणि १०१. यात गोष्ट उघडी पडते. उन्हातली वाळू पिवळसर, सावलीतली जवळजवळ राखाडी. तिथे फक्त निळ्या आभाळाचा उजेड आहे, म्हणून लाल रंग सगळ्यात जास्त घटला आणि निळा सगळ्यात कमी. लाल १.८३ पट वाढवायला हवा, हिरवा १.७० पट, निळा १.५० पट. अनेक जण इथेच चुकतात. ते नुसता उजळपणा वाढवतात, म्हणजे तिन्ही रंगांना एकच १.७० लावतात. मग आकडे येतात १९०, १८४, १७२. हिरवा जुळला, पण लाल पंधराने कमी पडला आणि निळा वीसने जास्त झाला. सावली गेली, तिच्या जागी माणसाच्या आकाराचा निळसर डाग राहिला, आणि त्याकडे तर आधीपेक्षा लवकर लक्ष जातं.

हा गुणाकार करायला लेव्हल्स नावाचं जुनं साधन पुरतं. त्यात उजव्या टोकाची पांढरी खूण २५५ वर असते. ती आत ओढली की सगळे आकडे एकाच पटीत वाढतात. लाल वाहिनी निवडून ती खूण १३९ वर आणायची, कारण २५५ ला १.८३ ने भागलं की १३९ येतात. हिरवी १५० वर आणि निळी १६९ वर. हा बदल मूळ चित्रावर थेट न करता वेगळ्या समायोजन लेयरवर करावा. त्याचा मास्क आधी पूर्ण काळा करून घ्यावा आणि मग सावलीच्या आकारात पांढरा रंगवावा. मधली खूण, म्हणजे गॅमा, हलवू नये. सावलीतले काळे कण काळेच राहिले पाहिजेत, आणि गॅमा उचलला की तेच आधी फिके पडतात. इथे आक्षेप येतो की अंधारातला भाग उजळला की दाणेदारपणा वाढतो. तो वाढतो, पण किती? हिरव्यात वरचं १.७० पट म्हणजे खऱ्या उजेडाच्या हिशेबात सुमारे ३.२ पट. आयएसओ १०० वर काढलेल्या चित्राचा सावलीचा तुकडा ३२० वर काढल्यासारखा दिसेल. वाळूसारख्या मुळातच दाणेदार पृष्ठभागावर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. गुळगुळीत संगमरवरी फरशी असती तर थोडा विचार करावा लागला असता.

याहून वजनदार आक्षेप पोताचा आहे. तो असा की उन्हातल्या वाळूचा प्रत्येक कण स्वतःची बारीक सावली पाडतो आणि त्यामुळे ती खरखरीत दिसते. मोठ्या सावलीत त्या बारीक सावल्या नसतातच, उजेड सगळीकडून येतो. ती वाळू कितीही उजळली तरी सपाट, पावडर फासल्यासारखी दिसणार. झाडाच्या किंवा इमारतीच्या आडव्या पडलेल्या सावलीबाबत हा आक्षेप पूर्ण खरा आहे, आणि म्हणूनच तशा सावल्या काढणं अवघड जातं. पण फोटो काढणाऱ्याची सावली वेगळ्या जागी असते. तिच्या डोक्याजवळ नजरेची रेषा आणि सूर्यकिरणाची रेषा जवळपास एकच असते. सूर्य ज्या बाजूने कण पाहतो त्याच बाजूने कॅमेराही पाहतो, म्हणून प्रत्येक कणाची सावली त्या कणाच्याच मागे दडलेली असते. आपल्या उदाहरणात चौकटीच्या खालच्या कडेशीसुद्धा या दोन रेषांमधला कोन साडेनऊ अंशांच्या आसपासच आहे. म्हणजे सावलीच्या आजूबाजूची उन्हातली वाळूही तिथे सपाटच दिसत असते! उजळलेला तुकडा तिच्याशी जुळतो, तो या कारणाने.

क्लोन स्टॅम्प उघडा पडतो तोही इथेच. बाजूला दूरवरची वाळू उचलून आणली, तर ती सूर्याच्या विरुद्ध बिंदूपासून लांबची असते. तिच्यात बारीक सावल्या दिसू लागलेल्या असतात, म्हणून ती जरा गडद आणि जास्त खरखरीत असते. जवळची उचलली तर एकच शिंपला तीनदा उगवतो. वरून उचलून खाली आणली तर कण लहान पडतात, कारण लांबचा कण चित्रात जवळच्यापेक्षा लहान असतो. हीलिंग ब्रशची तऱ्हा वेगळी. तो पोत एकीकडून घेतो आणि रंग ज्या जागी लावतो तिथल्या कडेकडून घेतो. त्या कडेला सावलीचा थोडासा भाग जरी राहिला, तरी तो काळसर रंग आत ओढून धुरकट पट्टा करून ठेवतो.

खरं कौशल्य लागतं ते कडेला. सूर्य हा बिंदू नाही. आभाळात तो सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून सावलीची कड एकदम संपत नाही. मध्ये उपच्छायेचा पट्टा असतो, तिथे सूर्य अर्धामुर्धा दिसतो. सावली पाडणाऱ्या भागापासून जमीन जितकी दूर, तितका हा पट्टा रुंद. कमरेजवळ तो आडवा सुमारे तीन सेंटिमीटर, डोक्याजवळ पाच, आणि डोक्याच्या टोकाशी लांबीच्या दिशेने तर अठरा सेंटिमीटर ताणलेला. मग मास्कची कड जागोजागी वेगवेगळी मऊ करावी लागेल असं वाटतं, आणि काही मार्गदर्शक तसंच शिकवतात. जमिनीवर पाहिलं तर ते बरोबर आहे, चित्रात मात्र तसं नाही. कॅमेरा सूर्यकिरणांच्या जवळपास त्याच रेषेतून पाहतो, त्यामुळे दूरचा रुंद पट्टा दूर असल्यामुळेच आकसतो आणि लांबीकडचा ताणही तिरकं पाहण्यात मिटतो. कमरेपासून डोक्यापर्यंत उपच्छाया चित्रात सगळीकडे अर्ध्या अंशाच्या आसपासच राहते, म्हणजे त्याच कॅमेऱ्याने सूर्य टिपला असता तर त्याची तबकडी जेवढी आली असती तेवढी. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या मोबाइल चित्रात हे सुमारे २८ पिक्सेल होतात. तेच चित्र लहान करून १६०० पिक्सेल रुंदीचं झालं असेल तर ११. मास्क आधी कडक कडेने, उपच्छायेच्या मधोमध रेषा धरून रंगवावा आणि मग त्यावर गॉशियन ब्लर द्यावा. त्याचा आकडा २८ नव्हे, सातच्या आसपास ठेवावा, कारण हा ब्लर रेषेच्या दोन्ही बाजूंना आकड्याच्या दुप्पट अंतरापर्यंत सहज पसरतो.

एवढं काटेकोर करूनही बहुतेक वेळा सावलीभोवती एक उजळ दोरी उमटते, खडूने आकृती आखल्यासारखी. सरावलेले लोकही इथे वैतागून क्लोन स्टॅम्पकडे परत जातात. पण कारण साधं आहे. उपच्छायेच्या मध्यावर निम्मं ऊन आधीच पोचलेलं असतं. तिथली वाळू सावलीसारखी १०८ वर नसते, सुमारे १५२ वर असते. मास्कही तिथे निम्मा आहे, म्हणून आपण १.७० पटीतली वाढही निम्मी, म्हणजे १.३५ पट देतो. १५२ चे होतात २०५, आणि हवे होते १८४. ती जागा मुळात जास्त उजेडात असल्यामुळे तिला मदत कमी हवी. हिशेब केला तर तिथे मास्क ५० टक्क्यांऐवजी ३० टक्क्यांवर लागतो. सोपा उपाय म्हणजे मऊ केलेला मास्क चार पिक्सेल आत घेणं. तरी कुठे दोरी राहिली तर मास्कवर मऊ काळ्या ब्रशने, दहा टक्के जोराने, ती पुसत जावं. उलट कडेने पातळ काळी रेघ राहिली असेल तर मास्क फार आत गेला आहे. या दोन खुणा दोन विरुद्ध चुका सांगतात, आणि अंदाजाने काम करणाऱ्यालाही तेवढ्यावर वाट सापडते.

काम झालं की ते तपासायला चित्र जवळून पाहण्याचा उपयोग नाही, उलट लहान करून पाहावं. माणसाची आकृती नखाएवढ्या चित्रात आधी ओळखू येते. दुसरी कसोटी जास्त निर्दय आहे. सगळ्यात वर तात्पुरती एक तीव्र कॉन्ट्रास्टची लेयर टाकायची आणि एकेक वाहिनी वेगळी पाहायची. राहिलेला निळा डाग लगेच वर येतो. इथे मोबाइलच्या चित्रांची एक खोड दिसते. बरेच फोन स्वतःच सावल्या थोड्या उचलतात, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. कडेजवळ एक पट, मध्यभागी दुसरी. मग एका आकड्याने सगळी सावली जुळत नाही, मधला भाग बरोबर आणि कडेची पट्टी जास्त उजळ येते. सावलीत दोन-तीन ठिकाणी आकडे घेऊन हे आधीच ओळखता येतं. फरक असेल तर त्याच मास्कच्या दोन लेयर हळूहळू एकमेकींत मिसळाव्या लागतात. रॉ फाइल असेल तर हा त्रासच नाही. सुरुवात तिथूनच करावी, कॅमेऱ्याने शिजवून दिलेल्या चित्रातून नको.

या पद्धतीची खरी मर्यादा वेगळीच आहे: सावली वाळू सोडून माणसांवर चढली की. पाच मीटरवर उभ्या असलेल्यांच्या पायांवर फोटो काढणाऱ्याचं डोकं पडलेलं असतं. वाळूवर ऊन तिरकं आणि पातळ, पण उभ्या पायांवर ते जवळजवळ समोरून येतं, त्याच उन्हाच्या तिपटीहून जास्त. म्हणजे तिथे तूटही तेवढीच मोठी, आणि आभाळाचा आधार कमी, कारण उभ्या पृष्ठभागाला अर्धंच आभाळ दिसतं. वाळूचे आकडे साडीला लावले तर साडी काळपटच राहील. कापडासाठी, कातडीसाठी वेगळे आकडे घ्यावेत, वेगळी लेयर करावी, आणि मास्कची रेषा घोट्यावर तंतोतंत थांबवावी. फोनने दाबून साठवलेल्या चित्रात गडद निळ्या पँटच्या घडीत आता उचलायला काही उरलेलंच नसतं. तिथे चौकट गुडघ्यावर कापणं हाच शहाणपणा. कॅमेऱ्याने जिथे खरोखर काही टिपलंच नाही, त्या जागांपुरता क्लोन स्टॅम्प मलाही मान्य आहे.

राहिला सत्याचा आक्षेप. वृत्तचित्रात हे करू नये, यात वाद नाही. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धांच्या नियमांत चित्रातून काही काढणं किंवा त्यात घालणं चालत नाही, आणि वाळू तीच ठेवून नुसतं ऊन परत दिलं असा बचाव तिथे टिकणार नाही, कारण सावली तिथे होती ही घटनाच आपण मिटवलेली असते. घरच्या फोटोला तो नियम लावण्याचं कारण मला दिसत नाही. पण सावली म्हणजे नेहमी चूकच असते असंही नाही. अमेरिकन छायाचित्रकार ली फ्रीडलँडर यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यात समोर चालणाऱ्या बाईच्या फरच्या कॉलरवर पडलेली स्वतःच्या डोक्याची सावली मुद्दाम टिपली, आणि त्यांचं ते चित्र गाजलं. व्हिव्हियन मायर यांनी तर आपल्या सावलीची कितीतरी आत्मचित्रं काढली. फरक हेतूचा आहे. सावली चित्राचा विषय असेल तर ती ठेवावी, कुटुंबाच्या पायाशी चुकून आली असेल तर काढावी.

शेवटी, कितीही नीट काढली तरी सावली आपला पत्ता मागे ठेवतेच. चित्रातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यापासून त्याच्या सावलीतल्या डोक्याकडे रेषा ओढली, शिंपल्याच्या टोकापासून त्याच्या सावलीच्या टोकाकडे ओढली आणि त्या पुढे वाढवल्या, तर त्या सगळ्या एकाच बिंदूत मिळतात. तो बिंदू म्हणजे कॅमेऱ्याच्या सावलीची जागा. फेरफार केलेली छायाचित्रं तपासणारे हे भूमितीचं हत्यार वापरतात. आणि एक खूण रेषा न ओढताही दिसते. कणांच्या सावल्या त्यांच्यामागे दडल्यामुळे त्या बिंदूभोवतीची जमीन आजूबाजूपेक्षा थोडी उजळ असते. कोरड्या वाळूवर ही चकाकी जेमतेम जाणवते. पण तोच फोटो पहाटेच्या दवाने भिजलेल्या गवतावर काढलेला असेल, तर दवाचे थेंब सूर्याचा उजेड आल्या वाटेने परत फेकतात आणि डोक्याच्या सावलीभोवती पांढरट प्रभावळ उभी राहते. आपण डोकं काढतो, ती तशीच राहते, मधोमध कुणीच नसलेली.